एकवीरेच्या गडावर कॅमेरा: देवस्थानची परवानगी आणि भाविकांची संमती

प्रश्न: आमच्या कोळीवाड्याची पालखी दर चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईला जाते. त्यावर अर्ध्या तासाचा माहितीपट करायचा आहे, नंतर तो यूट्यूबवर टाकणार. मंदिरात आत शूटिंगची परवानगी नेमकी कोणाची घ्यायची? आणि दर्शनाला आलेले इतके लोक कॅमेऱ्यात येणार, त्यांची संमती कशी घ्यायची? प्रत्येकाची सही घेत बसलो तर शूटिंग होणारच नाही.

उत्तर:

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. देवस्थान तुम्हाला जागा देऊ शकतं, माणसं देऊ शकत नाही. ट्रस्टच्या लेटरहेडवर ‘चित्रीकरणास परवानगी देण्यात येत आहे’ असं आलं म्हणजे रांगेतल्या बाईचा चेहरा वापरायची मुभा मिळाली, असं होत नाही. उलटही तेवढंच खरं आहे. तुमच्या पालखीतले शंभर जण ‘घे गं आमचं शूटिंग’ म्हणाले, तरी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी कॅमेरा न्यायचा की नाही हे ते ठरवू शकत नाहीत. ही दोन कामं वेगळी ठेवा. शक्यतो दोन वेगळ्या माणसांकडे द्या.

कार्ल्याची गंमत अशी, की तिथे जागाही एकाच मालकाची नाही. देवीचं मंदिर चैत्यगृहाच्या अगदी दाराशी आहे. मंदिराचा कारभार देवस्थान ट्रस्टकडे आहे, आणि शेजारची लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, त्यांच्या मुंबई मंडळाकडे. दर्शनाला आलेल्या माणसाला हा फरक जाणवतही नाही. तुम्हाला मात्र पावलोपावली जाणवेल. मंदिराच्या अंगणात उभं राहून कॅमेरा चैत्याच्या दर्शनी भागाकडे वळवलात, की पुरातत्त्वचा माणूस येऊन विचारणार, ‘तुमचा परवाना?’ आणि तुमच्या हातात असणार ट्रस्टचं पत्र.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी एकदा कॅमेरा न घेता गडावर जा आणि साध्या कागदावर नकाशा काढा. पायऱ्या, चपला काढायची जागा, रांगेचे कठडे, सभामंडप, गाभाऱ्याचा उंबरा, बाहेर पडायचा दरवाजा, चैत्याचं तिकीट तपासतात ती जागा. त्यावर कॅमेरा कुठे-कुठे उभा राहणार त्या जागांना क१, क२, क३ अशी नावं द्या आणि प्रत्येक जागेवरून चौकटीत काय दिसणार ते बाणाने दाखवा. हा नकाशा दोन्ही अर्जांना जोडायचा. पुरातत्त्व खात्याकडे चित्रीकरणाचा परवाना वेगळा निघतो, त्याला शुल्क असतं आणि वेळही बराच लागतो, त्यामुळे ते काम पहिलं सुरू करा. घरगुती फोटो काढणं वेगळं आणि स्टँड लावून माहितीपट करणं वेगळं, हा फरक ते लोक काटेकोरपणे पाळतात. चैत्याची दृश्यं तुम्हाला खरंच हवीत का, हेही एकदा स्वतःला विचारा. विषय पालखीचा असेल, तर चैत्य मागे सहज दिसण्यापुरता पुरेल, आणि तेवढंच लागणार असेल तर नकाशावर बोट ठेवून त्यांच्या स्थानिक अधिकाऱ्याला आधीच विचारून ठेवा. संरक्षित स्मारकाच्या परिसरात मचाण, तात्पुरता मंच, मांडव असलं काहीही उभारायचं नाही. उंचावरून दृश्य हवं असेल तर पायऱ्यांचा चढ वापरा, तो तिथे आयताच मिळतो.

आता ट्रस्ट. ‘ट्रस्टला भेटलो’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते एका विश्वस्ताच्या घरी चहा पिऊन आलेले असतात. तेवढ्यावर शूटिंग ठरवू नका. देवस्थान सार्वजनिक न्यास असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली त्याची नोंद असते आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याचं परिशिष्ट एक मिळतं. त्यावर आजच्या घडीला विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ते दिसतं. विश्वस्त बदलले असतील तर त्याचा फेरफार अर्ज मंजूर झालाय की अजून पडून आहे, तेही कळतं. हे बघायचं कारण साधं आहे: आपल्याकडच्या बऱ्याच देवस्थानांत दोन गट असतात. एका गटाने दिलेली परवानगी दुसऱ्या गटाला मान्य नसते, आणि त्यांच्या भांडणात तुमचा कॅमेरा मधे सापडतो. कारभार प्रशासकाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या समितीकडे असेल, तर अर्ज त्यांच्याच नावे जायला हवा. तुमची पालखी उद्या दुसऱ्या देवाला निघाली, तर हे चित्र पुन्हा बदलेल. पंढरपूरला १९७३ च्या स्वतंत्र कायद्याखालची मंदिर समिती आहे, शिर्डीला २००४ च्या कायद्याखालचं संस्थान, कोल्हापूर-जोतिबाला पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती. सगळीकडे दार वेगळं.

अर्ज एका पानाचा करा. पटकथा जोडू नका, ती कोणी वाचत नाही आणि वाचली तर नको त्या ओळीवर अडतात. चित्रपट कशाबद्दल आहे हे चार वाक्यांत लिहा. पैसा कोण घालतंय, कुठे दाखवणार, कोणत्या दिवशी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, माणसं किती, सामान काय, हे स्पष्ट असू द्या. आणि त्याखाली ‘आम्ही काय करणार नाही’ असा एक परिच्छेद टाका. माझ्या अनुभवात विश्वस्त मंडळाचं मन वळतं ते याच परिच्छेदाने. देवीचा पोशाख बदलताना आणि अभिषेकाच्या वेळी कॅमेरा बंद ठेवू. दागिने जवळून घेणार नाही. दानपेटी, तिची कुलपं, पैसे मोजण्याची खोली, सीसीटीव्हीच्या जागा चित्रात येणार नाहीत. रांग थांबवणार नाही. वायर जमिनीवर टाकणार नाही, दिवे बॅटरीचे आणि थंड असतील. ड्रोन उडवणार नाही. देवस्थानच्या लोकांना नेमकी कशाची धास्ती असते ते तुम्हाला कळतं, एवढं त्यातून त्यांना कळतं.

त्यावर एक मागणी हमखास येईल: ‘पिक्चर पूर्ण झाली की आधी आम्हाला दाखवा, आम्ही पास केली की मग लावा.’ याला घाईघाईत हो म्हणू नका. पूर्ण चित्रपटावर मंजुरीचा हक्क देऊन बसलात, तर उद्या पायऱ्यांवरच्या कचऱ्याचं एक दृश्यसुद्धा काढावं लागेल. मी अशा वेळी देते ते उत्तर असं: ‘गाभाऱ्यातला आणि पूजेचा भाग तुम्हाला दाखवू, त्यात विधीबद्दल काही चुकीचं गेलं असेल तर दुरुस्त करू. बाकीची जबाबदारी आमची.’ बहुतेक ठिकाणी हे चालतं, पण ते पत्रात लिहून घ्यावं लागतं.

पत्रावर जावक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही हवी, आणि मजकुरात जागा व वेळ हवी. ‘मंदिर परिसरात’ एवढंच लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही, कारण परिसर म्हणजे काय हे त्या दिवशी दारावर उभा असलेला सुरक्षारक्षक ठरवतो. ‘सभामंडपातून, क२ या जागेवरून, सकाळी साडेसहा ते साडेआठ’ असं असेल तर तोही अडवत नाही. पैसे द्यायचे असतील तर शूटिंगचं शुल्क वेगळं आणि देणगी वेगळी, दोन्हीची पावती. पावती नसलेले पैसे कोणालाही देऊ नका, कितीही छोटी रक्कम असो. पत्राची एक प्रत लोणावळा ग्रामीण पोलीस ठाण्यात आणि एक वेहेरगावच्या ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या.

एवढं करूनही शूटिंग अडतं ते एका माणसापाशी, आणि तो विश्वस्त नसतो. त्या दिवशी पूजेची पाळी ज्यांच्याकडे असेल ते पुजारी. ऑफिसने पत्र दिलेलं असतं, पण त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. पुजाऱ्यांना कॅमेऱ्याचं वावडं असतं असं नाही. त्यांचं गणित व्यावहारिक आहे. कॅमेरा दिसला की माणसं थबकतात, केस सारखे करतात, रांग रेंगाळते, मागचे ओरडतात आणि ओटी-दक्षिणेचा ओघ तुटतो. म्हणून आदल्या दिवशी पाळी कोणाची ते विचारून घ्या, त्यांना भेटा, कॅमेरा कुठे असेल ते जागेवर उभं राहून दाखवा आणि कोणत्या तासाला गर्दी कमी असते ते त्यांनाच विचारा. ती वेळ ऑफिसपेक्षा त्यांना अचूक माहीत असते. सुरक्षारक्षकांची पाळी कधी बदलते तेही विचारून घ्या. सकाळच्या माणसाने सोडलं आणि नंतरचा म्हणाला ‘मला ऑफिसातून फोन नाही’, हे इतक्या वेळा घडतं की मी पत्राची प्रत दोन्ही पाळ्यांच्या सुपरवायझरला स्वतः नेऊन देते.

यात्रेबद्दल माझं मत सरळ आहे. चैत्र शुद्ध सप्तमीच्या पालखी सोहळ्याच्या गर्दीत मंदिराच्या आत शूटिंगचा हट्ट धरू नका. बंदोबस्त असतो, चेंगराचेंगरीची भीती असते, नाही म्हणणं हे प्रशासनाचं कामच आहे. त्या दिवशी कॅमेरा तुमच्या पालखीबरोबर चालू द्या: कोळीवाड्यातून निघताना, रस्त्यावर, मुक्कामी, पायऱ्यांवर. मंदिराचा आतला भाग यात्रेच्या आधी किंवा नंतर एखाद्या साध्या दिवशी भल्या सकाळी घ्या. रविवार, मंगळवार आणि शुक्रवार टाळा. संकलनात हे दोन दिवस जोडता येतात, फक्त देवीचा पोशाख आणि मंडपातली सजावट वेगळी दिसेल याचं भान ठेवा, आणि एकच दिवस असल्याचा आव आणू नका.

आता संमती. प्रत्येकाची सही घेणं अशक्य आहे हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि तशी गरजही नाही. फरक करायचा तो माणूस चित्रात कसा येतो यावरून. पायऱ्या चढणाऱ्या गर्दीत कोणीतरी दोन सेकंद दिसला, ही एक गोष्ट. एका आजीचा हात जोडलेला चेहरा पडदाभर पाच सेकंद राहिला, ही दुसरी. आणि कोणी स्वतःची गोष्ट सांगितली, नवस कसला होता ते बोललं, ही तिसरी. गर्दीला सूचना पुरते. चेहरा ठळक दिसत असेल तर त्या माणसाला विचारायलाच हवं. बोलणाऱ्याची नोंदवलेली संमती हवी, कागदावर किंवा कॅमेऱ्यावर.

गर्दीसाठीची सूचना म्हणजे रांग सुरू होते तिथे, चपला काढण्याच्या जागेपाशी, डोळ्यांच्या उंचीवर लावलेला फलक. तिथेच का, तर माणूस तिथे थांबतो, वाकतो, इकडेतिकडे बघतो. रांगेत शिरल्यावर कोणी फलक वाचत नाही. मजकूर मोठ्या अक्षरात आणि थोडका ठेवा. मी वापरते तो साधारण असा असतो:

‘आज सकाळी ६.३० ते ८.३० या वेळेत सभामंडपात माहितीपटाचे चित्रीकरण सुरू आहे. ते इंटरनेटवर दाखवले जाईल. हे चित्रीकरण देवस्थानचे नाही. आपण चित्रात येऊ नये असे वाटत असेल तर डाव्या कठड्याकडून जावे, तिकडे कॅमेरा नाही. निळे जॅकेट घातलेल्या आमच्या माणसाला सांगितले तरी चालेल. दर्शनात काहीही फरक पडणार नाही.’

यातलं डाव्या कठड्याचं वाक्य खरं असायला हवं. खरोखरच एक बाजू कॅमेऱ्याबाहेर ठेवा आणि दिवसभर त्या बाजूला कॅमेरा वळवू नका. पर्याय नसताना लावलेला फलक म्हणजे निव्वळ धमकी. ट्रस्टच्या ध्वनिक्षेपकावरून दर पंधरा-वीस मिनिटांनी हाच मजकूर वाचून घ्या, कारण बरीच मंडळी चष्मा पिशवीत टाकूनच गड चढलेली असतात. ‘हे चित्रीकरण देवस्थानचे नाही’ हे मुद्दाम सांगायचं. मंदिरात कॅमेरा दिसला की लोक तो ट्रस्टचाच समजतात आणि देवीच्या माणसांना नाही कसं म्हणायचं म्हणून गप्प बसतात.

ठळक चेहऱ्यांसाठी विचारायची वेळ महत्त्वाची आहे. लोक रांगेतच विचारतात, आणि ती सगळ्यात वाईट वेळ. बाई दोन तास उभी आहे, हातात ओटीचं ताट, काखेत पोर, लक्ष गाभाऱ्याकडे. त्या क्षणी तिला काहीही विचारा, ती मान डोलावणार. त्याला संमती म्हणत नाहीत. दर्शन झाल्यावर माणूस बाहेरच्या दरवाजापाशी टेकतो, पाणी पितो, नारळाचा प्रसाद फोडतो. तिथे गाठायचं. म्हणजे चित्रण आधी होतं आणि विचारणं नंतर, पण दहा-पंधरा मिनिटांच्या आत. तोवर ते चित्रण कच्चं धरायचं. नाही म्हणाले तर तिथेच त्यांच्यासमोर खूण करायची आणि संध्याकाळी तो भाग काढून टाकायचा.

यासाठी कॅमेऱ्यामागे एक माणूस लागतो ज्याचं दुसरं काहीच काम नाही. शक्यतो बाई असावी, मराठी आणि आगरी-कोळी बोली कळणारी. कॅमेरामनने हळूच सांगायचं, ‘हिरवी नऊवारी, सोबत लाल टीशर्टचा मुलगा, सात वाजून बारा’, आणि तिने वहीत ते टिपून दरवाजाकडे सरकायचं. ओळख राहावी म्हणून कोणी माणसांच्या मनगटाला रंगीत धागा बांधायची युक्ती सुचवेल. मंदिरात ते करू नका. लोक तो देवीचा गंडा समजून वर्षभर सोडत नाहीत, आणि शेजारची बाई येऊन ‘मला पण बांधा’ म्हणते. वेळ आणि कपड्यांचा रंग पुरतो.

समजावून सांगायला एक मिनिट पुरतं, पण ते मिनिट ठरलेलं असावं. साधारण असं:

‘मावशी, झालं का दर्शन? बसा, बसा. आम्ही पालखीवर एक पिक्चर बनवतोय, आम्ही देवस्थानचे नाही. मघाशी तुम्ही हात जोडले तेव्हा तुमचा चेहरा त्यात आलाय. हे बघा, असा. ही पिक्चर यूट्यूबवर येणार, म्हणजे मोबाइलवर कोणालाही दिसणार, तुमच्या गावात, मुलीच्या सासरी, कुठेही. आपण पैसे घेत नाही, देत नाही. तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा, मी काढून टाकते, मला काही वाटणार नाही. घरी जाऊन विचार बदलला तर या चिठ्ठीवर नंबर आहे, अमुक तारखेपर्यंत फोन करा. आता तुम्हीच मला सांगा, आम्ही हे कुठे दाखवणार?’

शेवटचा प्रश्न सोडू नका. मावशी ‘टीव्हीवर’ म्हणाल्या, तर त्यांना समजलेलं नाही, पुन्हा सांगायचं. ‘मोबाइलवर, सगळ्यांना दिसंल’ म्हणाल्या, तर पुढे जायचं. आणि छोट्या पडद्यावर ते दृश्य दाखवायचंच. चेहरा बघितल्यावर ‘अगं बाई, डोक्यावरून पदर घसरलाय, हे नको’ असं म्हणणाऱ्या खूप असतात. तो त्यांचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर अंगठा घेऊ नका. अंगठा म्हटलं की जमिनीचे कागद आठवतात आणि माणूस दचकतो. त्यापेक्षा कॅमेऱ्यासमोर नाव, गाव आणि ‘माझी हरकत नाही, मला सगळं सांगितलंय’ एवढं बोलून घ्या. आधार कार्डाची प्रत, आधार क्रमांक अजिबात मागू नका. त्याची गरज नाही, आणि मागितलात तर ते सांभाळायची जोखीम तुमच्यावर येते.

कायद्याचं थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी असं म्हटलंय, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच परत घेणंही सोपं असावं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तुमचा माहितीपट त्यात नेमका कुठे बसतो हा वकिलाला विचारायचा प्रश्न आहे, पण फॉर्म आतापासून त्याच मापाने करा. विशिष्ट म्हणजे काय, तर चित्रपटासाठी दिलेली संमती यूट्यूबच्या मुखचित्रासाठी किंवा तीस सेकंदांच्या रीलसाठी चालणार नाही. मुखचित्रावर भाविकाचा चेहरा टाकायचा असेल तर त्यासाठी वेगळं विचारा. चेष्टा होते ती नेमकी तिथेच.

आवाजाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, म्हणून ते वेगळं सांगते. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी लोक देवीशी बोलतात, आणि मोठ्याने बोलतात. ‘आई, याची दारू सोडव.’ ‘आई, या खेपेला तरी राहू दे.’ तुम्ही कॅमेरा मागून लावलाय, चेहरा दिसत नाही, म्हणून निश्चिंत असता, आणि माइकने हे सगळं स्वच्छ टिपलेलं असतं. गावच्या माणसाला आवाज पुरतो. म्हणून उंबऱ्यापाशी रोखलेला माइक ठेवायचा नाही, कोणाच्या कॉलरला लावलेला माइक दर्शनाच्या आधी बंद करायचा, आणि वातावरणाचा आवाज सभामंडपातून, घंटेच्या बाजूने वेगळा घ्यायचा. संकलनात तोच लावायचा.

आता अवघड जागा. पालखी गडावर पोचली, ढोल वाढला, की कोणाच्या तरी अंगात येणार. दृश्य म्हणून ते ओढून घेतं, हे मान्य. पण अंगात आलेली बाई त्या वेळी संमती देऊ शकत नाही, आणि तिच्या वतीने नवरा, सासू, पालखीचे मानकरी कोणीही देऊ शकत नाही. ‘घ्या घ्या, देवीच आलीय’ असं म्हणणारे भोवती दहा जण असतात. त्यांचं ऐकू नका.

एक प्रसंग सांगते, दुसऱ्या एका देवीच्या यात्रेतला. तिशीच्या एका बाईच्या अंगात आलं, केस मोकळे, आवाज बदललेला. आम्ही लांबून घेतलं, जवळ गेलो नाही. ती शुद्धीवर आल्यावर, पाणी पिऊन बसल्यावर आमची सहकारी जवळ गेली. फक्त एवढंच सांगितलं, की आमच्याकडे हे आलंय, उद्या फोन करते, आज काही ठरवू नका. त्याच दिवशी विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, कारण भोवती घरची माणसं होती आणि सगळे तिच्या पाया पडत होते. दुसऱ्या दिवशी फोनवर ती एकटी होती. ती एका ऑफिसात नोकरी करत होती आणि तिथे हे कोणाला माहीत नव्हतं. चेहरा नको म्हणाली, पण पावलं आणि हात दाखवायला तिची हरकत नव्हती, फक्त हातातल्या बांगड्यांवरून ओळखू येईल म्हणून तेवढा भाग कापायला सांगितला. आम्ही जमिनीलगत घेतलेली पावलं, उडणारा भंडारा आणि ढोल एवढंच ठेवलं. ज्यांच्या अंगात दरवर्षी येतं त्यांच्याशी मात्र पालखी निघायच्या आधीच, घरी, बोलून घेता येतं. तरीही नंतर पुन्हा विचारायचंच.

याच संदर्भात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लक्षात असू द्या. नुसतं अंगात येणं हा गुन्हा नाही. पण अंगात दैवी शक्ती आल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, माझं ऐकलं नाहीस तर वाईट होईल अशी धमकी देणं त्याच्या कक्षेत येतं, आणि त्याचा प्रचार करणंही. कोणी त्या अवस्थेत दुसऱ्याच्या आजारावर हुकूम सोडत असेल, तर ते दृश्य कौतुकाने दाखवणारा तुमचा चित्रपट अडचणीत येऊ शकतो.

जावळाची गर्दीही तिथे असते. रडणारं, अर्धं उघडं मूल कोणालाही गोड दिसतं, पण ते मूल उद्या दहावीत जाणार आहे. आई आणि वडील दोघांनाही विचारा, उघडं अंग चौकटीत घेऊ नका, आणि मुलाचं नाव व गाव एकत्र देऊ नका. त्या डेटा कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. बारा-तेरा वर्षांच्या पोराला आई-बापांनी हो म्हटल्यावरही त्याला स्वतःला विचारायचं. तो लाजून तोंड फिरवत असेल तर तेच त्याचं उत्तर.

नवसाच्या बोकडाचा विषय निघाला तर सावध राहा. यात्रेत प्रशासनाचे पशुबळी बंदीचे आदेश असतात, आणि तुमच्या चित्रणामुळे एखादं कुटुंब पोलिसांच्या नोंदीत येऊ शकतं. इंटरनेटवर शिव्या खाव्या लागतात त्या वेगळ्याच. नैवेद्याच्या पंगती दाखवायच्या असतील तर त्या कुटुंबाला हे दोन्ही धोके आधी स्पष्ट सांगा.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न, आणि मला वाटतं तुमच्या बाबतीत तोच सगळ्यात नाजूक आहे. तुम्ही त्याच कोळीवाड्यातल्या. पालखीतली माणसं तुमच्या काक्या, आत्या, चुलत भाऊ. अनोळखी माणसाला लोक नाही म्हणू शकतात, घरच्या मुलीला नाही म्हणता येत नाही. म्हणून पालखीच्या लोकांची संमती तुम्ही स्वतः घेऊ नका. बाहेरच्या कोणाला तरी घेऊ द्या, तुम्ही समोर नसताना. पालखी निघायच्या आठवडाभर आधी कोळीवाड्यात एक बैठक लावा, चित्रपट काय आहे ते सगळ्यांना एकदम सांगा, आणि मग ज्यांना मुलाखत द्यायची त्यांनी त्या बाहेरच्या माणसाला फोन करावा अशी पद्धत ठेवा. तुम्ही फोन करायचा नाही. फोन न करणाऱ्यांची कारणं विचारत बसू नका.

संकलन झालं की प्रदर्शनाच्या आधी एकदा कोळीवाड्यातच पडदा लावा. मुलाखती दिलेल्यांना आधी एकेकाला त्यांचा भाग दाखवा आणि त्यानंतरच सगळ्यांसमोर लावा. माघार घ्यायची जी तारीख चिठ्ठीवर लिहिलीत ती या दाखवण्यानंतरची असू द्या, निदान पंधरा दिवस पुढची. यूट्यूबवर गेल्यावर कोणी आक्षेप घेतला तर चेहरा धूसर करून तो भाग बदलण्याची तयारी ठेवा, म्हणजे मूळ संकलनाची फाइल जपून ठेवावी लागेल. फॉर्म, वही आणि संमतीच्या ध्वनिचित्रफिती कुलपात ठेवा, त्या ड्राइव्हवर टाकून सगळ्या टीमला लिंक पाठवू नका. ट्रस्टला ठरल्याप्रमाणे गाभाऱ्याचा भाग दाखवून त्याची लेखी पोच घ्या, कारण पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा त्याच ऑफिसात जाणार आहात आणि तोवर विश्वस्त बदललेले असू शकतात.